स्क्रीनवरचा केशरी आणि डब्यातली शाई: ब्रँडचा रंग स्पॉट कलरला कसा जुळवायचा

एक नेहमीचं काम घेऊ. मसाल्याच्या एका ब्रँडचा लोगो आधी वेबसाइटसाठी बनला, आणि त्याचा केशरी रंग ठरला `#E8531F`. आता त्याच रंगाचं कार्टन स्पॉट कलरमध्ये, म्हणजे त्या रंगाची वेगळी शाई बनवून, छापायचं आहे: ३०० जीएसएम एफबीबी बोर्ड, ५००० शीट, वर मॅट लॅमिनेशन. सोबत १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, लेटरहेडही आहे. मालक मोबाइल पुढे करून म्हणतो, "असाच पाहिजे." रंग एकच असला तरी पाहण्याच्या जागा तीन आहेत, आणि तिन्हीकडे तो वेगळा दिसणार.

मोबाइल स्वतः प्रकाश फेकतो, कागद मात्र अंगावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. स्क्रीनचा पांढरा साधारण ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर असतो, तर छपाई तपासायची ती ५००० केल्व्हिनच्या उजेडात. त्यातच नव्या फोनचे ओएलईडी पडदे रंग बऱ्याचदा मुद्दाम भडक दाखवतात, आणि संध्याकाळ झाली की नाइट मोड सगळं पिवळं करून टाकतो. त्यामुळे "स्क्रीनला मॅच करा" या मागणीला काही अर्थच उरत नाही. कोणत्या स्क्रीनला, किती ब्राइटनेसला, किती वाजता? जुळवायचं असतं ते हातात धरता येणाऱ्या नमुन्याला. स्क्रीनवरून फक्त शोध कुठे सुरू करायचा एवढं कळतं.

हेक्सवरून लॅबकडे, लॅबवरून शेडकार्डकडे

फोटोशॉपच्या कलर पिकरमध्ये `#E8531F` टाका. डॉक्युमेंट `sRGB` मध्ये आहे याची खात्री करून शेजारच्या `L`, `a`, `b` या तीन खिडक्या वाचा. साधारण ५६, ५७, ५९ असे आकडे दिसतील. `L` म्हणजे उजळपणा, `a` वाढला की लाली वाढते, `b` वाढला की पिवळेपणा वाढतो. आरजीबीचे आकडे यंत्राला काय करायचं ते सांगतात, लॅबचे आकडे डोळ्याला काय दिसेल ते सांगतात. पुढची सगळी बोलणी या तीन आकड्यांत होतात, म्हणून ते कागदावर लिहून ठेवा.

आता पँटोनचं फॉर्म्युला गाइड, म्हणजे नंबर दिलेल्या शायांचं शेडकार्ड, काढा, कोटेडचं, म्हणजे लेप दिलेल्या कागदावर छापलेलं. या रंगाच्या आसपास १६६, १६६५, १७२ आणि ७५७९ ही पानं येतात. पँटोनची साइट किंवा एखादं सॉफ्टवेअर "सर्वांत जवळचा" म्हणून एकच नंबर देईल, त्याच्यावर थांबू नका. ते गणितातलं सर्वांत कमी अंतर असतं. दोन नंबरांमधला फरक लालीकडे जातोय की पिवळ्याकडे, आणि ब्रँडला त्यातलं काय चालेल, हे त्या गणिताला माहीत नसतं. केशरीत तर हे फारच जाणवतं. जरा पिवळ्याकडे झुकला तर तो भगव्यासारखा दिसतो, लालीकडे झुकला की टोमॅटोसारखा. मसाल्याच्या डब्यावर दुसरा चालून जाईल, मिठाईच्या डब्यावर बहुधा नाही.

पाहण्याची पद्धतही ठरलेली असावी. ५००० केल्व्हिनचा व्ह्यूइंग बूथ असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ५००० केल्व्हिनची आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा असलेली ट्यूब एका कोपऱ्यात लावून घ्या आणि आजूबाजूच्या भिंती करड्या किंवा पांढऱ्या ठेवा. मशीनवरच्या साध्या ट्यूबा बहुधा ६५०० च्या असतात, त्यांच्याखाली केशरी थंड पडतो. करड्या कार्डाला दोन-दोन सेंटिमीटरची दोन भोकं शेजारीशेजारी पाडा, एकाखाली गाइडचं पान, दुसऱ्याखाली तुलनेचा नमुना. दोन्हींभोवती सारखंच करडं आलं की डोळा फसत नाही. मोठा पट्टा आणि छोटी चकती शेजारी ठेवून कधी ठरवू नका. तोच रंग मोठ्या क्षेत्रावर उजळ आणि भडक वाटतो.

गाइडची तब्येतही पाहून घ्या. उजेडात उघडं पडून पानं पिवळी पडतात, बोटांच्या तेलाने कडा मळतात. दर १२ ते १८ महिन्यांनी नवं घ्या असं पँटोन कंपनी सांगते. प्रत्येक वेळी ते जमत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण डिझायनरकडचं आणि छापखान्यातलं गाइड एकदा शेजारी उघडून हीच चार पानं ताडून पाहायला काही खर्च येत नाही. दोन गाइडमध्येच फरक दिसला तर पुढची निम्मी भांडणं कुठून येणार होती ते तिथेच कळतं.

आपल्या कामासाठी १६६ सी निवडला असं धरू.

सी आणि यू ही दोन वेगळी दिसणं आहेत, दोन शाया नव्हेत

नंबरापुढच्या `C` आणि `U` वर बरीच गफलत होते. १६६ सी आणि १६६ यू यांचा शाईचा फॉर्म्युला एकच असतो. सी म्हणजे ती शाई आर्ट पेपरवर कशी दिसते, यू म्हणजे मॅपलिथोसारख्या कागदावर कशी दिसते. मॅपलिथो शाई आत ओढून घेतो आणि त्याचा खडबडीत पृष्ठभाग उजेड विखुरतो, म्हणून तोच केशरी तिथे फिका आणि मेल्यासारखा दिसतो.

त्यामुळे लेटरहेडसाठी "१६६ यू" लिहून मोकळं होऊ नका. यूचं गाइड उघडा, १६६ सीचं पान शेजारी धरा आणि यूमधला जो नंबर डोळ्याला सर्वांत जवळ वाटतो तो घ्या, तो १६६ नसला तरी हरकत नाही. बहुतेकदा तो जास्त उजळ, जास्त शुद्ध असा शेजारचा नंबर निघतो. ब्रँडच्या कागदात मग दोन ओळी लिहायच्या: कोटेडसाठी अमुक सी, अनकोटेडसाठी तमुक यू. नंबर जुळत नाहीत म्हणून ऑफिसातलं कोणी कुरकुर करतं. दोन्ही छापून टेबलावर ठेवलं की कुरकुर थांबते.

फाइलमध्ये एकच स्पॉट, एकच नाव

अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून २०२२ च्या अखेरीस पँटोनच्या बहुतेक लायब्ररी काढून घेतल्या गेल्या. लायसन्स नसेल तर काम अडत नाही. इलस्ट्रेटरमध्ये स्वॉच हाताने बनवा:

```
Swatch Name: PANTONE 166 C
Color Type:  Spot Color
Color Mode:  Lab
```

लॅबचे आकडे गाइडचं पान मोजून किंवा मघाचेच टाका. स्क्रीनवर तो कसा दिसतो याने छपाईत काडीचाही फरक पडत नाही. प्लेट निघते ती नावावरून, आणि त्या प्लेटवर कोणती शाई चढेल ते मशीनमन ठरवतो. म्हणून नाव अक्षरशः तंतोतंत हवं. लोगो एका फाइलमधून `PANTONE 166 C` नावाने आला आणि पट्टा दुसऱ्या फाइलमधून `PANTONE 166 U` नावाने आला, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन रंग आहेत आणि प्लेटा दोन निघतील.

पीडीएफ झाल्यावर अॅक्रोबॅटच्या `Output Preview` मध्ये `Separations` पाहा. चार प्रोसेस रंग आणि एकच स्पॉट दिसला पाहिजे. सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक चारही बंद केले की लोगो आणि पट्टा पूर्ण दिसत राहायला हवेत. पट्टा गायब झाला तर एक्सपोर्ट करताना कुठेतरी तो सीएमवायकेत मोडला गेला आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. प्लेटा निघाल्यावर तीच चूक सापडली तर अख्खा दिवस जातो.

हा केशरी चार रंगांतच का नको, असा प्रश्न मालक विचारतोच. साधारण ८० टक्के मॅजेंटा आणि ९५ टक्के यलोमध्ये जवळपास तसा रंग येतो, थोडा मळकट. पण तो ठिपक्यांवर उभा असतो. मॅजेंटाचा ठिपका जरा फुगला की शेड लाल, जरा बसला की पिवळी. वर्षभरात चार वेळा रीप्रिंट होणार असेल तर शेल्फवर चार केशरी दिसतील.

शाई घालणं आणि शेड काढणं

आधी शाई किती लागेल ते काढा. २० गुणिले ३० इंचाची शीट ०.३९ चौरस मीटरची. त्यातला सुमारे ४० टक्के भाग केशरी धरला आणि शीटा ५००० असल्या, तर साधारण ७७५ चौरस मीटर झाले. कोटेड बोर्डवर भरीव रंगाला चौरस मीटरमागे सुमारे १.३ ग्रॅम शाई धरा, म्हणजे १ किलो. डक्टमध्ये उरणारी, रोलरवर राहणारी आणि मेकरेडीत, म्हणजे मशीन जुळवताना, जाणारी मिळवून २ किलो घाला. अर्ध्या कामात शाई संपून दुसरं मिश्रण करायची वेळ आली की त्याच दिवशी दोन शेड तयार होतात.

गाइडच्या पानाखालीच बेस शायांचे भाग दिलेले असतात. पहिल्यांदा २ किलो घालू नका. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर १०० ग्रॅमचं मिश्रण करा आणि काचेवर पात्याने चांगलं मळा. कडेला बेस शाईची रेघ राहिली तर शेड खोटी निघते. मग ज्या बोर्डवर छापायचं त्याच लॉटच्या तुकड्यावर ड्रॉडाऊन, म्हणजे शाईचा पातळ सारखा थर ओढलेला नमुना, घ्या. हातरोलर प्रूफर असेल तर उत्तम. बोटाने थापूनही शेड काढता येते, पण थर प्रत्येक वेळी वेगळा पडतो, म्हणून त्यावर पक्का निर्णय घेऊ नये.

तुकडा सुकू द्या, आणि मग ज्यांच्याकडे काम जाणार त्यांच्याकडूनच, त्याच मॅट फिल्मने लॅमिनेट करून आणा. सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती ही पायरी वगळल्याने. मॅट फिल्मचा पृष्ठभाग उजेड विखुरतो, त्यामुळे शुद्ध रंगावर एक दुधट झिलई येते आणि केशरीतली धग कमी होते. गाइडचं पान बिनफिल्मचं असतं, म्हणून फिल्मखालच्या शाईची त्याच्याशी सरळ तुलना होऊच शकत नाही. गाइडवर फिल्मचा तुकडा नुसता धरून पाहू नका. फिल्म आणि शाई यांच्यात हवेची पोकळी राहिली की रंग आणखी फिका दिसतो आणि विनाकारण घाबरायला होतं. फिल्म चिकटलेलीच हवी.

शाईवाल्याला आधीच सांगा की वर लॅमिनेशन आहे, किंवा यूव्ही वार्निश आहे. ऱ्होडामाइन, पर्पल, व्हायोलेट आणि रिफ्लेक्स ब्लू या बेसमधले रंगकण काही वार्निशांखाली रंग बदलतात. त्यासाठी टिकाऊ पर्याय मिळतात, पण ते शाई घालायच्या आधी मागावे लागतात.

आकडे वाचायचे कसे

आता स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजा. साधन नसेल तर शाईवाल्याच्या प्रयोगशाळेत तुकडे पाठवा. सेटिंग `M1`, प्रकाश `D50`, दोन रंगांमधलं अंतर `ΔE00` या आकड्यात. बोर्डला ब्राइटनर असतात आणि ते अतिनील उजेडात चमकतात, म्हणून `M1` आणि `M0` चे आकडे एकमेकांशी ताडू नका. मॅपलिथो मोजताना खाली त्याच कागदाचे तीन-चार कोरे तुकडे ठेवा, नाहीतर टेबलाचा रंग आकड्यात येतो.

समजा गाइडचं पान आलं ५६, ६०, ६२, आणि लॅमिनेट केलेला तुकडा ५७, ५६, ५८. पाहणारा लगेच म्हणेल, "पिवळा कमी आहे, यलो टाका." थांबा. इथे `a` आणि `b` दोन्ही घसरले आहेत, आणि जवळपास सारख्या प्रमाणात. म्हणजे रंगाची दिशा बदललेली नाही, शुद्धता कमी झाली आहे, आणि ती फिल्ममुळे. यलो टाकलात तर दिशा बिघडेल आणि धग परत येणार नाही.

उपाय दोन. पहिला, थर थोडा जाड करायचा. पण केशरी शाईचा थर वाढला की ती नुसती गडद होत नाही, लालीकडेही सरकते. म्हणून थर वाढवल्यावर पुन्हा मोजा, आणि `a` पुढे निघून गेला असेल तर १०० ग्रॅमला १ ग्रॅम यलो घाला, मळा, पुन्हा ड्रॉडाऊन. एकावेळी एकच बदल, एका टक्क्याचा. दुसरा उपाय, फॉर्म्युल्यात ट्रान्सपरंट व्हाइट किंवा काळी असेल तर ती कमी करायची, किंवा मुळातच जास्त शुद्ध शेजारच्या नंबरावरून सुरुवात करायची, इथे १७२ च्या दिशेने. डब्यावर मग "१६६" च दिसेल, जरी शाईच्या टिनवर दुसराच फॉर्म्युला असला. टिनवर ब्रँडचं नाव आणि "मॅट लॅमसाठी" एवढं लिहा, नंबर लिहू नका. नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी गाइड उघडून ती "दुरुस्त" करेल.

उलट फक्त `b` घसरला असता आणि `a` जागेवर असता, तर खरोखर यलो कमी पडली असती. `L` घसरून बाकी दोन्ही कमी झाले असते, तर शाई मळली आहे, बहुधा पात्याला किंवा काचेला जुनी निळी लागली होती.

`ΔE00` दोनच्या आत आलं की बहुतेक ब्रँडना चालतं, एकच्या आसपास सरावलेल्या डोळ्यालाही फरक सांगणं कठीण. चार-पाच असलं तर दोन डबे शेजारी ठेवल्यावर ग्राहकालाही दिसेल. आणि आकडा चांगला आला तरी तुकडा दुकानातल्या एलईडीखाली एकदा धराच. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटू शकतात. शाईत वेगळे रंगकण वापरले असतील तर हे होण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मिश्रण सुधारून भागत नाही, बेसच बदलावा लागतो.

मशीनवर

केशरी चढणार त्या युनिटवर आधी निळी किंवा काळी चालली असेल तर एक वॉशअप पुरत नाही. दोन वॉशअपच्या मध्ये थोडी ट्रान्सपरंट व्हाइट किंवा यलो फिरवून काढा, ती रोलरच्या कडांतली जुनी शाई ओढून आणते. पुसलेला कपडा स्वच्छ दिसला तरी रोलरच्या टोकांना निळी असू शकते. पहिल्या शीटांच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा मळकट आल्या तर तेच कारण.

पाणी गरजेपुरतंच ठेवा. पाणी जास्त झालं की शाई धुतल्यासारखी फिकी पडते, मशीनमन मग शाई वाढवतो, त्यावर पुन्हा पाणी वाढतं, आणि शेवटी शीटा एकमेकींना डाग देतात. शाईच्या चाव्यांना हात लावल्यावर लगेच शीट ओढून निर्णय घेऊ नका. नवा थर रोलरभर बसायला शंभर-दोनशे शीटा जातात.

मशीनवर तुलना करायची ती बिनलॅमिनेटच्या ड्रॉडाऊनशी, कारण शीटवर अजून फिल्म नाही. म्हणून पक्क्या झालेल्या ड्रॉडाऊनचा अर्धा भाग कापून आधीच फिल्मविना राखून ठेवलेला असावा. ओली शीट चकाकते आणि जास्त गडद वाटते. कोटेड बोर्डवर सुकल्यावर रंग थोडा उतरतो, मॅपलिथोवर बराच. लेटरहेड तर दुसऱ्या दिवशी पाहिल्याशिवाय पास करूच नका.

रंग पास झाला की त्या शीटची घनता डेन्सिटोमीटरवर मोजून नोंदवा, आणि दर पाचशे शीटांनी ताडा. शीटच्या टोकाला केशरीचा पट्टा ठेवला असेल तर मोजायला सोपं पडतं. प्लेट बनवतानाच हा पट्टा घालायला सांगा. मालकाला मशीनपाशी बोलावता येत नसेल तर शीट कुरियर करा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून पास करून घेतलेला रंग पुन्हा त्याच स्क्रीनवर जाऊन बसतो, जिथून हे सगळं सुरू झालं.

पास शीटमधून तीन तुकडे कापा: ठरलेला, चालेल इतका फिका आणि चालेल इतका गडद. तिन्ही लॅमिनेट करून, मागे तारीख, बोर्डचं नाव, फिल्म, लॅबचे आकडे आणि मालकाची सही घेऊन काळ्या पाकिटात ठेवा. उरलेली शाई वर पातळ कागद दाबून, झाकण घट्ट लावून ठेवा. साय धरली तर ती ढवळून घेऊ नका, वरून उचलून टाका. रीप्रिंटच्या वेळी ती तशीच मशीनवर चढवण्याआधी एक ड्रॉडाऊन काढा आणि पाकिटातल्या तुकड्यांच्या मध्ये धरून पाहा.